‘तू’ कोणी कोणाला म्हणावे

‘नमस्कार’ हा शब्द सर्वांना सारखाच मिळतो. जिल्हाधिकाऱ्यांना केलेला नमस्कार आणि दूध घालायला येणाऱ्या माणसाला केलेला नमस्कार यांत शब्दाचा फरक नसतो, आणि समोरून परत येणारा नमस्कारही तोच असतो. ‘रामराम’चेही तसेच आहे, रामरामला उत्तर रामरामच. फरक पडतो तो त्यापुढच्या वाक्यात. ‘कसा आहेस?’ म्हणायचे की ‘कसे आहात?’, ‘ये’ म्हणायचे की ‘या’, हे ठरवल्याशिवाय मराठी माणसाला बोलणे पुढे नेता येत नाही, आणि ते ठरवताना आपण समोरच्याचे वय, कपडे, काम, आडनाव आणि आपली त्याच्याकडून असलेली अपेक्षा हे सारे क्षणार्धात जोखलेले असते. बोलणाऱ्याला या निवडीची जाणीव बहुधा नसते. ऐकणाऱ्याला मात्र ती प्रत्येक वेळी कळते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ‘तू’ हे मराठीतले सर्वांत जवळचे सर्वनाम आहे आणि ते जपायला हवे. परंतु अनोळखी प्रौढ माणसाला, त्याने आपल्याला ‘तू’ म्हणण्याची कोणतीही शक्यता नसताना, आपण ‘तू’ म्हणणे हा जवळिकीचा प्रकार नाही. तो वरून खाली बोलण्याचा प्रकार आहे. सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे कार्यालयाच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, सोसायटीच्या फाटकावर आणि उपाहारगृहाच्या टेबलापाशी, प्रत्येक प्रौढ व्यक्तीसाठी सुरुवात ‘तुम्ही’नेच झाली पाहिजे. ‘आपण’ तिथे आवश्यक नाही, किंबहुना त्याने अडचणच होते, याकडे मी पुढे येईन.

हा प्रश्न केवळ एका शब्दाचा असता तर तो टाळता आला असता. मराठीत सर्वनाम गाळले तरी ते क्रियापदाच्या शेवटी शिल्लक राहते. ‘कुठे निघालास?’ या प्रश्नात ‘तू’ उच्चारलेला नाही, पण शेवटचा ‘स’ तो सांगतो, ‘कुठे निघालात?’ मधला ‘त’ ‘तुम्ही’ सांगतो. आज्ञार्थात तर एका मात्रेचा फरक असतो : बस आणि बसा, सांग आणि सांगा, थांब आणि थांबा. त्यामुळे ज्यांना निवड करायची नसते, त्यांनी भाषेतच पळवाटा शोधून ठेवल्या आहेत. लग्नघरी दूरचा नातेवाईक भेटतो, वयाने तो आपल्याएवढाच असतो, पण नात्याने काका की पुतण्या ते आठवत नाही. मग आपण ‘काय, कसं काय?’ म्हणतो, ‘कधी येणं झालं?’ असे विचारतो, ‘जेवण झालं का?’, ‘आता निघायचं की थांबायचं?’ असे बोलत राहतो. या एकाही वाक्यात ऐकणाऱ्याचे स्थान उघड होत नाही. रिक्षाला हात करून ‘स्टेशनला येणार का?’ विचारतानाही तसेच होते, कारण ‘येणार’ हे रूप तू, तुम्ही, आपण या तिन्हींना चालते. मराठी माणूस दिवसभरात अशी किती वाक्ये बोलतो याकडे लक्ष दिले, तर निवडीचा ताण किती खरा आहे हे दिसून येते.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या चर्चेत फारशी येत नाही. ‘तू’ म्हटले की साध्या वर्तमान आणि भूतकाळात समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हेही बहुतेक वेळा सांगावेच लागते : करतोस की करतेस, आलास की आलीस. ‘तुम्ही करता’, ‘तुम्ही आलात’ यांत ते सांगावे लागत नाही. हाकेतही ‘अरे’ आणि ‘अगं’ वेगळे आहेत, ‘अहो’ मात्र दोघांना एकच. ‘कसे आहात’ आणि ‘कशा आहात’ यांत लिंगभेद राहतो हे खरे, पण ‘काय म्हणता?’ किंवा ‘ठीक आहात ना?’ म्हटले की तोही बराचसा मिटतो. फोनवर केवळ आवाज ऐकून बोलणाऱ्याला, किंवा आपली ओळख दुसऱ्याने ठरवू नये असे ज्यांना वाटते अशा तृतीयपंथी व्यक्तींशी बोलणाऱ्याला, ‘तुम्ही’ने जी मोकळीक मिळते ती ‘तू’ने मिळत नाही. आदर हा ‘तुम्ही’चा एक उपयोग झाला, समोरच्याबद्दल कमी गृहीत धरणे हा दुसरा, आणि सार्वजनिक व्यवहारात तो मला अधिक मोलाचा वाटतो.

सर्वनाम नाते किती अचूक दाखवते याचा सर्वांत स्वच्छ नमुना घरातच सापडतो. ‘आई, तू जेवलीस का?’ आणि ‘आई, तुम्ही जेवलात का?’ ही दोन वाक्ये एकाच बाईच्या तोंडची असू शकतात. पहिली आई माहेरची आणि दुसरी सासरची, हे कोणाही मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. संबोधन तेच आहे, माया कदाचित दोन्हीकडे तितकीच असेल, पण सर्वनामाने अंतर मोजून दाखवले आहे. सासू मात्र सुनेला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणते. घरातली ही एकेरी दिशा आपण नात्याचा भाग म्हणून स्वीकारली आहे.

तरी ही व्यवस्था अचल नाही. मागच्या पिढ्यांत बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असे, त्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यातच, आणि नवरा तिला ‘अगं’ म्हणत असे. आज शहरांतच नव्हे, तर अनेक गावांतही नवरा-बायको एकमेकांना ‘तू’ म्हणतात. यासाठी कायदा झाला नाही, कोणी मोहीमही चालवली नाही. सुरुवातीला पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांसमोर ‘अहो’ आणि खोलीत ‘तू’ अशी दुहेरी पद्धत होती, काही ठिकाणी ती आजही आहे. वडिलांच्या बाबतीतही तसेच घडत गेले : ‘आई, तू’ आणि ‘बाबा, तुम्ही’ ही जोडी जिथे अटळ मानली जाई, तिथे ‘बाबा, तू’ सहज ऐकू येऊ लागले. दोन्ही बदलांत एक साम्य आहे. जे सर्वनाम आधी एकाच बाजूने वापरले जात होते, ते दोन्ही बाजूंनी वापरले जाऊ लागले. ‘तू’ पूर्वीही होता. तो परत येऊ लागला, म्हणून त्याचा अर्थ बदलला.

या ‘परत येण्या’वर माझा सारा भर आहे, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याचे महत्त्व सर्वांत ठळकपणे अभिवादनातच दिसते. ‘जोहार’ हे महार समाजावर लादलेले अभिवादन होते. चोखामेळ्यांच्या अभंगात ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार’ असे येते. या एका ओळीत अभिवादन आणि सर्वनाम दोन्ही एकाच दिशेने जातात : जोहार खालून वर जातो, आणि ‘तुमच्या’ हे आदरार्थी रूपही खालूनच वर जाते. वरून खाली जोहार येत नसे. नाव घेतले जाई ते अर्धे आणि तोडून, पाठोपाठ ‘अरे’ किंवा ‘ए’, मग समोरचा माणूस वयाने आजोबा का असेना. गावातले दहा वर्षांचे पोर साठीच्या माणसाला एकेरी हाक मारू शके आणि तो साठीचा माणूस त्या पोराला ‘अहो’, ‘जी’ म्हणे, ही गोष्ट इतकी नित्याची होती की ती उद्धटपणा म्हणून कोणाला खटकत नसे. वयाचा मान मराठी समाजात मोठा मानला जातो असे आपण म्हणतो; जातीपुढे तो मान टिकत नव्हता, याचा पुरावा सर्वनामानेच दिला आहे.

‘जय भीम’ या अभिवादनाने नेमके तेच मोडले. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. त्याचे वैशिष्ट्य मला त्यातल्या नावाइतकेच त्याच्या घडणीत दिसते : ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ हेच आहे. म्हणणारा आणि ऐकणारा यांच्यात वरचा-खालचा ठरवण्याची जागाच त्यात नाही. कनिष्ठाने करायच्या अभिवादनाच्या जागी परस्परांचे अभिवादन आले. माझी मागणी एवढीच आहे की अभिवादनात जी समता आपण मान्य केली, ती पुढच्या वाक्यातल्या क्रियापदातही मान्य करावी.

ती अजून मान्य झालेली नाही, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या एका सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी मी पाहिलेला एक प्रसंग सविस्तर सांगतो. रांगेत नऊवारी नेसलेल्या, साधारण पासष्टीच्या एक बाई होत्या आणि त्यांच्या मागे इस्त्रीचा सदरा-पँट घातलेले चाळिशीचे गृहस्थ. खिडकीतला कर्मचारी तिशीचा असावा. त्याने बाईंना विचारले, ‘ए आजी, नाव सांग. आधार आणलंस का? जरा मागं सरक.’ बाई म्हणाल्या, ‘आणलंय की साहेब, हे बघा.’ मग मागच्या गृहस्थांना त्याने म्हटले, ‘सर, नाव सांगा. आधार आणलंय ना? जरा थांबा हं, पेपर देतो.’ आवाज दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच होता. तो रागावलेला नव्हता, उर्मटही नव्हता; ‘आजी’ हा शब्द त्याने कदाचित आपुलकीनेच वापरला असेल. पण अर्ध्या वयाच्या माणसाकडून बाईंना ‘सांग’ आणि ‘सरक’ मिळाले, आणि त्यांनी त्याला ‘साहेब’ आणि ‘बघा’ परत दिले. केसपेपर हातात घेऊन बाई बाजूला झाल्या. कोणत्या खोलीत जायचे हे त्यांना समजलेले नव्हते, पण त्यांनी ते खिडकीत विचारले नाही, व्हरांड्यात बसलेल्या दुसऱ्या एका रुग्णाला विचारले. सदरेवाल्या गृहस्थांनी मात्र खिडकीतच दोनदा विचारून खात्री करून घेतली.

एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. त्या बाईंच्या गप्प राहण्यामागे निरक्षरतेचा संकोच असेल, रांगेची घाई असेल. तरीही ज्याला ‘सरक’ म्हटले गेले आहे, त्याने पुन्हा वाकून प्रश्न विचारणे आणि ज्याला ‘थांबा हं’ म्हटले गेले आहे, त्याने विचारणे यांत फरक पडतो, असे मला ठामपणे वाटते. दवाखान्यात तो फरक गोळी जेवणाआधी की नंतर इथपर्यंत जाऊन पोहोचतो. आणि बदलायचे होते ते किती? ‘आजी, नाव सांगा. आधार आणलंत का? जरा मागं सरका.’ सुरुवातीचा ‘ए’ गेला, दोन ठिकाणी काना आला, ‘स’च्या जागी ‘त’ आला. ‘आजी’ तशीच राहिली, आणि ती राहावी. नात्याचा शब्द आणि ‘तुम्ही’ यांचे मराठीत मुळीच वाकडे नाही. आपण आपल्या आत्याबाईंना, काकूंना, मामांना वर्षानुवर्षे ‘तुम्ही’ म्हणत आलो आहोत आणि त्याने माया कमी झालेली नाही.

त्याच रुग्णालयाच्या भिंतीवरच्या सूचनेत ‘आपणांस विनंती करण्यात येते की’ अशी सुरुवात होती. सरकारी पत्रव्यवहाराची ही रीतच आहे. ‘आपणांस कळविण्यात येते’, ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने’, ‘आपला विश्वासू’. म्हणजे कागदावर नागरिक ‘आपण’ असतो आणि खिडकीपाशी आला की त्यातला एक वर्ग ‘तू’ होतो. कागद मानाचे सर्वोच्च रूप वापरतो, बोलणे सर्वांत खालचे वापरते, आणि मधले, रोजचे, कोणालाही पेलणारे ‘तुम्ही’ दोन्हीकडून निसटते.

या भूमिकेवर सर्वांत वजनदार आक्षेप ग्रामीण मराठीच्या बाजूने येतो, आणि तो मी गांभीर्याने घेतो. कोकणात, वऱ्हाडात, मावळात ‘तू’ हा अपमान नाही, ती बोलीची रीत आहे, असे म्हटले जाते. पुण्या-मुंबईच्या प्रमाण भाषेची अहो-जाहोची सवय सर्वांवर लादणे हेही एक प्रकारचे वर्चस्वच आहे. यात तथ्य आहे. गावातली एखादी म्हातारी तलाठ्यालाही ‘लेकरा, तू कवा आलास?’ म्हणते, डॉक्टरलाही म्हणते आणि निवडून आलेल्या आमदारालाही म्हणते. तिच्या ‘तू’ने कोणाचा मान कमी होत नाही. पण तिचा ‘तू’ मान का घालवत नाही, हे पाहायला हवे. ती कपडे पाहून सर्वनाम बदलत नाही. आमदाराला ‘तुम्ही’ आणि सालगड्याला ‘तू’ अशी वाटणी ती करत नाही. रुग्णालयातल्या खिडकीत मात्र तीच वाटणी झाली होती, आणि ती बोलीमुळे झालेली नव्हती, कारण ज्या तोंडून ‘सरक’ आले त्याच तोंडून पुढच्या क्षणी ‘थांबा हं’ही आले. म्हणून कसोटी साधी आहे : हेच वाक्य, याच वयाच्या, पण मोटारीतून उतरलेल्या माणसाला मी असेच म्हणालो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तर तो बोलीचा ‘तू’ आहे आणि त्याला कोणी हात लावू नये. उत्तर ‘नाही’ असेल तर बोलीचे नाव पुढे करण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप वयाचा आहे. लहानाला मोठ्याने ‘तू’ म्हणायचे आणि लहानाने मोठ्याला ‘तुम्ही’, ही रीत विषम आहे, पण ती आपण सर्वांनी मान्य केली आहे, मग तीही मोडायची का? माझ्या मते, तिच्यात मराठी समाजाने स्वतःच एक सुंदर दुरुस्ती करून ठेवली आहे. पन्नाशीची व्यक्ती तिशीच्या नव्या सहकाऱ्याला पहिल्या भेटीत ‘तुम्ही कुठले?’ असे विचारते, आणि तो म्हणतो, ‘मला अहो-जाहो नका करू, मी लहान आहे तुमच्यापेक्षा.’ त्यानंतरचा ‘तू’ हा मागून घेतलेला असतो. विषमता उरते, पण ती लहानाच्या संमतीने उरते, आणि म्हणूनच त्या ‘तू’त आपुलकी येते. हाच क्रम उलटा केला, म्हणजे मोठ्याने न विचारता थेट ‘तू’ने सुरुवात केली, तर लहानाला ‘मला तुम्ही म्हणा’ असे सांगण्याची सोय आपल्या समाजात नाही. ते वाक्य मराठीत भांडणाच्या वेळीच उच्चारले जाते : ‘अरे-तुरेवर येऊ नका.’ वर जाताना सांगता येत नाही आणि खाली येताना सांगता येते, यासाठीच सुरुवात वरून व्हायला हवी.

‘तुम्ही’ हे निर्दोष सर्वनाम आहे, असा माझा दावा नाही. चिडलेली आई उशिरा आलेल्या मुलाला ‘या, आलात का?’ म्हणते तेव्हा त्यातला ‘तुम्ही’ चटका देतो. शाळेपासूनचा मित्र मोठ्या हुद्द्यावर गेला आणि चारचौघांत त्याने आपल्याला ‘तुम्ही’ म्हटले, की जे तुटते ते पुन्हा जोडायला वर्षे लागतात. दोघांनी एकमेकांना दिलेला ‘तू’ काढून घेणे हे परक्याला ‘तू’ म्हणण्याइतकेच दुखावणारे असते. देवालाही मराठी माणूस ‘तू’च म्हणत आला आहे, विठ्ठलाशी भांडताना ‘आपण’ वापरले असते तर ते भांडण भांडण राहिले नसते. ‘तू’ची ही किंमत टिकायची असेल, तर तो जिथे तिथे, न विचारता, दाम न मोजता घेतला जाऊ नये, असे मला म्हणायचे आहे.

आता ‘आपण’. आदर दाखवायचाच तर सर्वांत वरचे सर्वनाम का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे, आणि अलीकडे ग्राहक सेवेच्या फोनवर, बँकेत, मोठ्या दुकानांत ते सर्रास ऐकू येते : ‘मी आपली काय मदत करू शकते?’ या वाक्यात हिंदीची सावली स्पष्ट आहे. हिंदीत रोजच्या आदराचे सर्वनाम ‘आप’ आहे आणि ‘तुम’ त्याच्या एक पायरी खाली आहे. मराठीत रोजचा आदर ‘तुम्ही’ सांभाळते आणि ‘आपण’ हे समारंभाचे रूप आहे, निमंत्रणपत्रिकेतले, व्यासपीठावरचे. ‘आप’ म्हणजे ‘आपण’ आणि ‘तुम’ म्हणजे ‘तुम्ही’ असे समीकरण मांडले, की ‘तुम्ही’ अकारण खाली ढकलले जाते. मुंबईत याची उलटी बाजूही दिसते : मराठी माणूस हिंदी बोलताना वडीलधाऱ्यांना सहज ‘तुम’ म्हणतो, कारण त्याच्या कानाला ते ‘तुम्ही’ वाटते, आणि उत्तरेकडचा ऐकणारा दुखावतो.

‘आपण’ची दुसरी अडचण अर्थाची आहे. शाळेत मराठीची जी नऊ मूळ सर्वनामे शिकवली जातात, त्यांत ‘आपण’ हे आत्मवाचक म्हणून येते. त्याशिवाय ते ‘तू आणि मी मिळून’ या अर्थाने येते, आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागी येते, आणि बोलीत कधी कधी चक्क ‘मी’ या अर्थानेही येते. ‘आपण बसा’ आणि ‘आपण बसू’ यांत क्रियापद वाचवते. पण ‘आपण उद्या मोठ्या डॉक्टरांना भेटणार’ असे स्वागतकक्षातून सांगितले गेले, तर रुग्णाने एकट्याने जायचे की सांगणारी व्यक्तीही सोबत येणार, हे वाक्यातून कळत नाही. परिचारिका ‘आज आपण गोळी घेतली का?’ असे विचारते तेव्हा तिचा ‘आपण’ आदराचा असतो की लहान मुलाशी बोलावे तसा कडेवर घेणारा, हे केवळ सुरावरून ठरते. ज्या ठिकाणी सूचना नेमकी कळणे महत्त्वाचे आहे, तिथे चार अर्थांचे सर्वनाम वापरू नये. शिवाय ‘आपण’ बोलणाऱ्यालाही जड जाते. ‘आपण कोठून आलात, आपले नाव काय’ हे दोन वाक्यांपर्यंत टिकते, तिसऱ्या वाक्यात बहुतेक जण ‘तुम्ही’वर येतात, आणि त्यात काही गैर नाही. नाव विचारताना ‘आपलं नाव?’ म्हणणे ही जुनी, चांगली रीत आहे, तेवढी राहावी.

मग सर्वांनी सर्वांना ‘तू’च का म्हणू नये? समतेचा तोही एक मार्ग आहे आणि स्वीडनने तो घेतला. 1967 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना आपण सर्वांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार असल्याचे सांगितले, आणि पुढच्या काही वर्षांत ती रीत देशभर पसरली. परंतु स्वीडिश भाषेतले ‘नी’ हे आदरार्थी मानले जाणारे सर्वनाम लोकांना प्रत्यक्षात तुच्छतादर्शक वाटत होते. वरिष्ठांशी बोलताना ‘नी’ न वापरता पदवी उच्चारून तृतीयपुरुषी बोलण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागे. तिथे डाग ‘नी’वर होता, म्हणून त्यांनी ‘दू’ निवडले. आपल्याकडे डाग एकतर्फी ‘तू’वर आहे, आणि तो जातीचा आहे. महाराष्ट्रात उद्या सर्वांना ‘तू’ असा नियम केला, तर साहेब शिपायाला ‘तू’ म्हणत राहील आणि शिपायाची जीभ साहेबाला ‘तू’ म्हणायला उचलणार नाही. जुनीच विषमता नव्या नियमाच्या आड सुखरूप राहील.

आपल्या जवळचे उदाहरण केरळचे आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पोलिसांनी नागरिकांना ‘एडा’, ‘एडी’, ‘नी’ अशी संबोधने वापरू नयेत असे सांगितले. मराठीत बसवायचे तर ‘अरे’, ‘अगं’, ‘तू’. नागरिकाला एकेरी संबोधणे हा शिष्टाचाराचा खासगी प्रश्न नसून राज्यसंस्थेच्या वर्तनाचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झाले. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 च्या शासन निर्णयाने सरकारी कार्यालयांत मराठीतून बोलणे बंधनकारक केले. त्यावरची चर्चा कोणती भाषा बोलायची यापाशी थांबली. त्या भाषेत समोरच्याला काय म्हणायचे, यापर्यंत ती पोहोचली नाही. खरे तर मराठी बोला असे सांगताना कर्मचाऱ्याला आपण अशी भाषा देत आहोत, जिच्यात पहिल्याच क्रियापदाला समोरच्याची पायरी ठरवावी लागते. म्हणून प्रशिक्षणात, विशेषतः पोलीस, रुग्णालये, शिधावाटप आणि तहसील कार्यालये यांच्या प्रशिक्षणात, हा विषय नावानिशी यावा : अठरा वर्षांवरील प्रत्येकाला ‘तुम्ही’, आरोपी असला तरी ‘तुम्ही’, आणि हे वाचून दाखवून नव्हे तर ‘सांग-सांगा’, ‘आणलंस-आणलंत’ अशी वाक्ये तोंडी घोटून. ज्याची जीभ वर्षानुवर्षे एका रूपाला सरावली आहे, त्याला केवळ परिपत्रक बदलू शकत नाही.

महापुरुषांचा किंवा नेत्यांचा एकेरी उल्लेख झाला, की आपल्याकडे निषेध होतात आणि माफी मागितली जाते. म्हणजे सर्वनामाने मान जातो, हे समाज जाणतो. फक्त सफाई कर्मचाऱ्याचा, पहारेकऱ्याचा, चहा आणून देणाऱ्याचा मान त्याच मार्गाने जातो तेव्हा आपल्याला ते ऐकू येत नाही.

सर्वांत अवघड जागा घरातली आहे, कारण तिथे नियम चालत नाही. पुष्कळ घरांत स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मुले ‘मावशी, तू’ म्हणतात आणि सख्ख्या मावशीलाही ‘तू’च म्हणतात, तेव्हा भेद कुठे आहे, असा बचाव केला जातो. सख्खी मावशी त्या मुलाला ‘तू’ म्हणते, त्याचा कान धरते, त्याच्या आईलाही ‘तू’ म्हणते. कामाच्या मावशी मुलाच्या आईला ‘ताई, तुम्ही’ म्हणतात. तिथे ‘तू’ अर्ध्या वाटेवर अडतो. अशा घरात अचानक ‘तुम्ही’ सुरू केले, तर त्या बाईच अनेकदा म्हणतात, ‘नका हो ताई, परकं वाटतं.’ त्यांचे म्हणणे खोटे मानू नये. पंधरा-वीस वर्षांच्या सहवासात त्या ‘तू’ला त्यांनी खरीच ऊब दिलेली असते. तिथे मोठ्यांनी ‘मग तुम्हीही मला तू म्हणा’ एवढे सांगून पाहावे आणि त्या काय करतात ते पाहावे. काही जणी म्हणू लागतात, आणि मग त्या घरात दोन्हीकडचा ‘तू’ राहू द्यावा. बहुतेक जणी हसून विषय टाळतात; त्यांच्या बाबतीत निदान घरातल्या मुलांना तरी ‘मावशी, तुम्ही’ शिकवावे, कारण त्या बाईंनी परकेपणाची तक्रार केली ती बरोबरीच्या वयाच्या ताईंकडे, आठ वर्षांच्या मुलाकडे नव्हे.